गैरव्यवहाराच्या शक्यतांवरील नियोजन-बैठक आणि तिच्यामुळे बदलणाऱ्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑडिटच्या नियोजनाच्या टप्प्यावर, हिशेबात गैरव्यवहार कुठे आणि कसा होऊ शकेल याची चर्चा करण्यासाठी पथक जी बैठक घेते तिच्याविषयी सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरे महसुलातील गैरव्यवहाराच्या अनुषंगाने दिली आहेत, कारण बैठकीतला निष्कर्ष आणि प्रत्यक्ष चाचणी यांचा सांधा सर्वाधिक वेळा तिथेच निखळतो.

१. ही बैठक घेणे बंधनकारक आहे का, आणि ती नेहमीच्या नियोजन-बैठकीपेक्षा वेगळी कशी?

होय. आंतरराष्ट्रीय ऑडिट मानक २४० नुसार पथकातील सदस्यांनी आपसात चर्चा करणे आवश्यक आहे, आणि त्या चर्चेत संस्थेची वित्तीय विवरणे गैरव्यवहारामुळे नेमकी कुठे आणि कशी चुकीची ठरू शकतील यावर विशेष भर असला पाहिजे. अमेरिकेत २००२ मध्ये आलेल्या एसएएस ९९ या मानकाने अशी चर्चा ठळकपणे पुढे आणली. तिला तेव्हापासून ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ म्हटले जाऊ लागले आणि तोच शब्द आपल्याकडच्या कार्यालयांतही रूढ झाला.

ती नेहमीच्या नियोजन-बैठकीला जोडून घेता येते. फरक आहे तो प्रश्नाचा. नेहमीच्या बैठकीत आपण ‘इथे काय चुकू शकेल’ असे विचारतो. या चर्चेत ‘आकडा फुगवायचाच असे इथल्या कोणी ठरवले, तर तो कोणता मार्ग धरेल आणि आपल्या नजरेपासून तो कसा लपवेल’ असे विचारायचे असते. चूक लपवलेली नसते, गैरव्यवहार मात्र लपवलेला असतो, आणि त्यामुळे चूक पकडणारी चाचणी गैरव्यवहार पकडेलच असे नाही. पुढची सगळी उत्तरे या एका फरकातून निघतात.

२. बैठकीला कोण हजर असावे आणि ती केव्हा घ्यावी?

ऑडिटची जबाबदारी असलेला भागीदार आणि पथकातील प्रमुख सदस्य हजर असणे आवश्यक आहे. जे हजर नव्हते त्यांच्यापर्यंत चर्चेतील कोणत्या बाबी पोहोचवायच्या हे भागीदाराने ठरवायचे असते. संगणक-प्रणालीचे तज्ज्ञ आणि मूल्यांकनाचे तज्ज्ञ यांना बोलवावे की नाही, हे त्या संस्थेत जोखीम कुठे आहे यावर अवलंबून असते. जर्नल नोंदी कोणाला टाकता येतात आणि कोणाला बदलता येतात हे पथकात फक्त प्रणाली-तज्ज्ञालाच ठाऊक असेल, तर त्याच्यावाचून बैठक अपुरी राहते.

कनिष्ठ सहाय्यकांना वगळण्याची चाल मला चुकीची वाटते. गोदामात, रोखपालाच्या टेबलाशी आणि बिलिंग विभागात प्रत्यक्ष बसलेले तेच असतात. शिवाय चाचणी तेच करणार असतात, आणि आपण काय शोधत आहोत हे माहीत नसलेल्याच्या हातात ते आले तरी त्याला ते ओळखता येत नाही.

वेळेबद्दल एवढेच की, प्राथमिक विश्लेषण झालेले असावे, पण ऑडिट-कार्यक्रम ठरलेला नसावा. कार्यक्रम आधी छापून झाला आणि बैठक नंतर झाली, तर बैठकीचे निष्कर्ष आधीच ठरलेल्या चाचण्यांना चिकटवले जातात.

३. बैठकीला बसताना समोर काय असले पाहिजे?

महिनानिहाय विक्री आणि क्रेडिट नोटा, येणे वसूल होण्याचा कालावधी, वरिष्ठांच्या बोनसची सूत्रे, कर्जाच्या करारातील अटी आणि मागील ऑडिटमधील दुरुस्त्यांची यादी. या यादीत तेव्हा क्षुल्लक म्हणून सोडून दिलेल्या दुरुस्त्याही हव्यात, कारण त्या सगळ्या एकाच दिशेने झुकलेल्या असतील तर तो एक सुगावा असतो.

यातली बोनसची सूत्रे आणि कर्जाच्या अटी बहुतेकदा फायलीत असतात, पण त्या बैठकीत कोणी वाचत नाही. निव्वळ नफ्यावर बोनस असेल तर दबाव एका ठिकाणी असतो. विक्रीच्या बिलावर असेल तर तो दुसऱ्या ठिकाणी असतो आणि दुसऱ्या माणसांवर असतो. म्हणून हे दोन कागद प्रत्येकाच्या हातात असावेत.

४. चर्चा प्रत्यक्षात कशी चालवावी? आमच्या बैठकीत भागीदार बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात.

सर्वांत कनिष्ठ सदस्याने प्रथम आणि भागीदाराने शेवटी बोलावे. एवढ्या एका बदलाने चर्चेचा सूर पालटतो, कारण ज्येष्ठाने आपले मत मांडल्यावर त्याविरुद्ध बोलणे कठीण होते. व्यवस्थापन प्रामाणिक आहे असा पथकाचा अनुभव असला तरी तो बाजूला ठेवून चर्चा करावी, असे मानकही सांगते. दीर्घ काळ त्याच संस्थेचे काम करणाऱ्या पथकाला हे सर्वांत जड जाते.

चर्चेचा निष्कर्ष मात्र विशिष्ट रूपात लिहिला पाहिजे. ‘महसूल वाढवून दाखवला जाण्याची जोखीम आहे’ हे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे, कारण ते कोणत्याही संस्थेला लागू पडते आणि त्यातून कोणतीही चाचणी बदलत नाही. वाक्यात चार गोष्टी हव्यात : कोण करेल, कोणत्या व्यवहारात, कोणत्या पद्धतीने, आणि त्याचा मागमूस कोणत्या कागदाने झाकला जाईल. चौथी गोष्ट लिहायची हमखास राहते, आणि चाचणी ठरते ती नेमकी तिच्यावरूनच. जो कागद बनावट असण्याची शक्यता आपण स्वतःच लिहिली आहे, तोच कागद पुरावा म्हणून आपण स्वीकारू शकत नाही.

५. ‘फ्रॉड ट्रायअँगल’ची तपासणी-सूची भरली तर पुरेसे होते का?

नाही. दबाव, संधी आणि स्वतःशी केलेले समर्थन ही त्रयी अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांच्या विश्वासघाताने केलेल्या अपहारांवरील संशोधनातून आली आणि ती विचाराला सुरुवात करून देण्यापुरती उपयोगी आहे. सूचीत ‘आहे’ किंवा ‘नाही’ अशी खूण केल्याने गैरव्यवहाराची पद्धत हाती येत नाही. तिसरा घटक, म्हणजे मनातले समर्थन, तर बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे तो आढळला नाही म्हणून जोखीम कमी धरणे योग्य नाही.

६. महसुलात गैरव्यवहाराची जोखीम आहे असे मानकच गृहीत धरते. मग बैठकीत ठरवायचे काय उरते?

जवळजवळ सगळेच उरते. महसुलाच्या नोंदीत गैरव्यवहाराची जोखीम आहे असे गृहीत धरून, ती कोणत्या प्रकारच्या महसुलात, कोणत्या व्यवहारांत आणि कोणत्या विधानाबाबत, म्हणजे व्यवहार खरोखर घडला, पूर्ण नोंदला की योग्य कालावधीत धरला यांपैकी कशाबाबत, आहे हे ठरवणे हे पथकाचेच काम आहे. वितरकांना विकणाऱ्या संस्थेत प्रश्न बहुधा विक्री प्रत्यक्षात घडली का आणि ती योग्य कालावधीत धरली का हा असतो. रोखीने चालणाऱ्या व्यवसायात उलट असते. तिथे मालकाला कर टाळायचा असेल तर विक्री कमी दाखवली जाते, आणि मग नोंदवलेली बिले तपासून काहीच हाती लागत नाही. तिथे पुस्तकाबाहेरून, म्हणजे माल, क्षमता किंवा ग्राहकसंख्या यांपासून सुरुवात करून नोंदीपर्यंत यावे लागते.

हे गृहीतक खोडून काढता येते, पण त्यासाठी कारण लिहावे लागते. एकाच मालमत्तेचे ठरावीक भाडे येत आहे असा एकाच साध्या प्रकारचा महसूल, हे मानकातच दिलेले उदाहरण आहे. ‘व्यवस्थापन चांगले आहे’ किंवा ‘मागील वर्षी काही आढळले नाही’ ही कारणे ग्राह्य ठरत नाहीत.

७. एखादे उदाहरण पूर्ण उलगडून दाखवाल का? निष्कर्षावरून चाचणी कशी बदलते हे समजत नाही.

स्पष्टीकरणासाठी रचलेले एक उदाहरण घेऊ. औद्योगिक पंप बनवणारी एक कंपनी आपला बहुतेक माल वितरकांमार्फत विकते. प्रत्येक पंपावर अनुक्रमांक कोरलेला असतो. पहिल्या नऊ महिन्यांची विक्री मागील वर्षापेक्षा ४ टक्क्यांनी कमी आहे, तरी वार्षिक उद्दिष्ट बदललेले नाही. बँकेच्या करारात कर्ज आणि नफा यांच्या गुणोत्तराची अट आहे आणि उद्दिष्ट चुकले तर ती अट मोडेल. विक्रीप्रमुखाचा बोनस बिल केलेल्या विक्रीवर ठरतो. मागील वर्षाच्या शेवटच्या महिन्यात वर्षाची १४ टक्के विक्री झाली होती, तर उरलेल्या महिन्यांची सरासरी ८ टक्क्यांच्या आत होती.

बैठकीत गोदामाची पाहणी करून आलेल्या सहाय्यकाने सांगितले की सातव्या महिन्यापासून एक त्रयस्थ गोदाम भाड्याने घेतले आहे, आणि डिस्पॅच प्रणालीत ‘खरेदीदाराच्या सूचनेवरून थांबवलेला माल’ असा एक नवा संकेतांक तयार झाला आहे. विक्री घटत असताना जास्तीची जागा कशासाठी लागावी, या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नव्हते. त्यातून तीन वाक्ये लिहिली गेली.

पहिले : विक्रीप्रमुख वर्षाच्या शेवटच्या दिवसांत वितरकांनी न मागितलेले पंप बिल करून भाड्याच्या गोदामात ठेवेल, आणि वितरकाचे विनंतीपत्र मागाहून तयार करून घेईल.

दुसरे : काही वितरकांच्या गळी जास्तीचा माल उतरवला जाईल आणि तो परत घेण्याचे आश्वासन स्वतंत्र पत्राने किंवा तोंडी दिले जाईल. हे पत्र लेखा विभागाकडे येणारच नाही.

तिसरे : वर्ष संपल्यावर निघालेल्या मालाच्या चलनावर आधीची तारीख घातली जाईल.

जुन्या कार्यक्रमात विक्रीची २५ बिले घेऊन ती चलनाशी आणि ग्राहकाच्या पोचपावतीशी ताडून पाहायची होती, आणि येणे रकमेची पुष्टीपत्रे मागवायची होती. तिन्ही वाक्यांवरून ही चाचणी तपासून पाहिली तर ती तिन्ही वेळा निकामी ठरते. पहिल्या प्रकारात विनंतीपत्र फायलीत असेल, दुसऱ्यात चलन आणि पोच दोन्ही अस्सल असतील, तिसऱ्यात चलनावरची तारीखच खोटी असेल. पुष्टीपत्रातली रक्कमही जुळेल, कारण वितरक बाकी नाकारत नाही. बाकी फेडावी लागणार नाही एवढेच त्याला माहीत असते.

म्हणून चाचण्या अशा बदलल्या. पहिल्या वाक्यासाठी वर्षाच्या शेवटच्या दिवशी भाड्याच्या गोदामात जाऊन तिथल्या प्रत्येक पंपाचा अनुक्रमांक उतरवून घ्यायचे ठरले. कोणत्या गोदामाची पाहणी होणार हे कंपनीला त्याच सकाळी सांगायचे होते. आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानक १५ नुसार बिल करून विक्रेत्याकडेच ठेवलेल्या मालाचा महसूल धरायचा असेल तर माल थांबवण्याला खरे कारण हवे, माल ग्राहकाचा म्हणून वेगळा ओळखता आला पाहिजे, तो ताबडतोब देण्याजोगा असला पाहिजे, आणि विक्रेत्याला तो स्वतः वापरता किंवा दुसऱ्याकडे वळवता येता कामा नये. शेवटची अट तपासण्याचा मार्ग अनुक्रमांकातच होता : तेच क्रमांक पुढच्या दोन महिन्यांच्या बिलांत दुसऱ्या वितरकाच्या नावावर दिसतात का, हे पाहायचे.

दुसऱ्या वाक्यासाठी पुष्टीपत्राचा मजकूर बदलला. त्यात रकमेबरोबरच परतीचा हक्क, देय मुदत, न विकलेल्या मालाबाबतची समजूत आणि वर्षअखेरीस वितरकाकडे पडून असलेला साठा यांची विचारणा केली, आणि पत्र वितरकाच्या खरेदी विभागाऐवजी मालकाकडे पाठवले. शिवाय लेखा विभागाला वगळून क्षेत्रीय विक्री कर्मचाऱ्यांशी थेट बोलायचे आणि वर्ष संपल्यानंतरच्या आठ आठवड्यांतील प्रत्येक क्रेडिट नोट मूळ बिलापर्यंत मागे न्यायची, असेही ठरले.

तिसऱ्या वाक्यासाठी चलनाऐवजी कंपनीच्या विक्री विभागाच्या हाताबाहेरच्या नोंदी घेतल्या, म्हणजे वाहतूकदाराची स्वतःची पावती आणि सुरक्षारक्षकाची फाटकवही. शेवटच्या रात्री फाटकवहीतील अखेरच्या नोंदीचे छायाचित्र घेऊन ठेवायचे होते.

समजा, गोदामात ४६ बिल झालेले पंप आढळले. त्यांपैकी ३१ पंपांच्या विनंतीपत्रांवर एकाच नमुन्याचा मजकूर आहे, आणि ९ अनुक्रमांक दुसऱ्या महिन्यात अन्य वितरकांना विकलेले आहेत. हे ९ पंप वळवता येत होते हे इथे सिद्ध झाले, त्यामुळे त्यांचा महसूल उलटवावा लागतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्या ३७ पंपांच्या कागदांवरचाही विश्वास उडतो, आणि त्यांच्यासाठी वितरकांशी थेट संपर्क साधणे अपरिहार्य होते. जुन्या कार्यक्रमात यातले काहीही हाती लागले नसते.

८. जोखीम जास्त आहे म्हणून आम्ही नमुन्याचा आकार दुप्पट करतो. एवढे पुरत नाही का?

बहुतेकदा नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत. समजा, एका महिन्यात ४०० बिले आहेत आणि त्यांत ६ बनावट आहेत. २५ बिलांचा यादृच्छिक नमुना घेतला तर त्यात एकही बनावट बिल न येण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते. नमुना ५० केला तरी ती सुमारे ४५ टक्के राहते. म्हणजे काम दुप्पट करूनही जवळजवळ निम्म्या वेळा आपण रिकाम्या हाताने परत येतो.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. बनावट बिल नमुन्यात आले तरी त्याच्यामागे कागद तयार असतात, आणि तीच जुनी चाचणी त्याला उत्तीर्ण करते. म्हणून आधी चाचणीचे स्वरूप बदलावे, मग तिची वेळ, आणि संख्या सर्वांत शेवटी. बैठकीतील वाक्यात पद्धत लिहिलेली असेल तर यादृच्छिक नमुन्याऐवजी संशयित गट वेगळा काढून तो संपूर्ण तपासता येतो, जसे प्रश्न ७ मध्ये नव्या संकेतांकाखालील सगळा माल मोजला गेला.

९. जर्नल नोंदींची चाचणी तर दर वर्षी करावीच लागते. तिचा बैठकीशी काय संबंध?

व्यवस्थापनाने नियंत्रणे डावलण्याची जोखीम प्रत्येक ऑडिटमध्ये असतेच असे मानक मानते आणि महसुलाच्या गृहीतकाप्रमाणे ती खोडून काढता येत नाही. तिच्यासाठी जर्नल नोंदी, अंदाजांमधील एकतर्फी झुकाव आणि नेहमीच्या व्यवसायाबाहेरचे मोठे व्यवहार हे तिन्ही तपासावे लागतात. कोणत्या नोंदी निवडायच्या हे मात्र मानक ठरवून देत नाही. ते बैठकीतून यायला हवे.

सुट्टीच्या दिवशी टाकलेल्या किंवा शेवटी शून्ये असलेल्या नोंदी निवडण्याचे तयार निकष सगळीकडे सारखेच लावले जातात. पंपांच्या कंपनीत ते फारसे कामाचे नाहीत, कारण तिथली फसवणूक विक्रीच्या नेहमीच्या बिलांतून जाणार आहे. तिथे क्रेडिट नोटेची तरतूद कमी करणाऱ्या नोंदी आणि विक्री खात्यात बिलिंग प्रणालीबाहेरून हाताने आलेल्या नोंदी शोधणे अधिक फलदायी ठरते. उलट वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरसंचार कंपनीत, जिथे २००२ च्या जूनमध्ये ३८० कोटी डॉलरहून अधिक खर्च चुकीच्या पद्धतीने भांडवली दाखवल्याचे जाहीर झाले, इतर दूरसंचार कंपन्यांना जाळ्याच्या वापरासाठी दिलेले शुल्क नोंदींद्वारे मालमत्तेत हलवले गेले होते. तिथे ‘खर्चाच्या खात्यातून थेट भांडवली खात्यात, तिमाही संपल्यावर, मुख्यालयातून’ असा निकष मोठ्या नोंदी वेगळ्या काढू शकला असता.

निकष लावण्याआधी नोंदींची यादी पूर्ण आहे का, हे पाहिले पाहिजे. सुरुवातीच्या तेरजेत वर्षभराच्या सगळ्या नोंदी मिळवून अखेरची तेरीज येते का, एवढी साधी पडताळणी पुष्कळदा वगळली जाते. ती केली नाही तर जी नोंद यादीतच नाही ती कोणत्याही निकषात सापडणार नाही.

१०. अनपेक्षिततेचा घटक म्हणजे नेमके काय करायचे?

आपण काय आणि केव्हा तपासतो हे ऑडिट होणाऱ्या संस्थेला काही वर्षांत पाठ होते. ज्या शाखेत आपण जात नाही तिथेच गैरव्यवहार हलतो, आणि ज्या रकमेखाली आपण पाहत नाही तिच्याखाली तो विभागला जातो. म्हणून मानक या घटकाची मागणी करते. मर्यादेखालील काही खाती तपासणे, न सांगता वेगळ्या ठिकाणी मोजणी करणे, किंवा वेगळ्या महिन्याचा कट-ऑफ, म्हणजे व्यवहार योग्य कालावधीत धरले का, हे पाहणे हे त्याचे व्यवहारातले प्रकार आहेत. निवड बैठकीतच करावी, आणि दर वर्षी तीच ‘अनपेक्षित’ चाचणी केली तर ती संस्थेच्याही वेळापत्रकात जाते, हे ध्यानात ठेवावे.

११. बैठकीत ठरलेले व्यवस्थापनाला सांगावे का?

नाही. गैरव्यवहाराच्या जोखमीबद्दल व्यवस्थापनाकडे आणि कारभारावर देखरेख करणाऱ्यांकडे चौकशी करणे आवश्यक आहे, पण ती चौकशी वेगळी. तिच्यात आपण त्यांचे मूल्यमापन आणि त्यांना ठाऊक असलेले प्रसंग विचारतो. आपण लिहिलेली वाक्ये आणि ठरवलेल्या चाचण्या सांगत नाही. विशेषतः मोजणीचे ठिकाण आणि तारीख यांचा बोभाटा पथकाच्या वेळापत्रकातून किंवा वाहनाच्या मागणीतूनही होऊ शकतो.

१२. मी एकटाच ऑडिट करतो. बैठक कोणाबरोबर घेऊ?

संपूर्ण ऑडिट भागीदार एकट्यानेच करत असेल तर चर्चा अर्थातच शक्य नसते. मात्र जोखीम ओळखण्याची, तिला प्रतिसाद देण्याची आणि ते लिहून ठेवण्याची जबाबदारी तशीच राहते. प्रश्न ४ मधली चार अंगांची वाक्ये स्वतः लिहून काढणे हा व्यवहार्य मार्ग आहे. लहान, मालकाच्या हाती असलेल्या संस्थेत ‘कोण करेल’ याचे उत्तर बहुधा मालक असेच येते, आणि त्यामुळे त्याच्या मंजुरीच्या सहीवर आधारलेल्या कोणत्याही नियंत्रणाला पुरावा म्हणून फार वजन उरत नाही.

१३. ऑडिट अर्ध्यावर असताना नवी माहिती आली तर?

चर्चा पुन्हा करावी, मग ती वीस मिनिटांची का असेना. नियोजनाच्या वेळचे मूल्यमापन अंतिम नसते. पुष्टीपत्रात अनोळखी अट आढळणे, मूळ कागदाऐवजी सतत प्रतच मिळणे किंवा एखाद्या कर्मचाऱ्याला भेटू न देणे या गोष्टी पथकातील वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या दिवशी दिसतात. एकट्याने पाहिल्यास त्यांतली प्रत्येक क्षुल्लक वाटते. फेरचर्चेनंतर वाक्यात काय बदलले आणि त्यामुळे कोणती चाचणी वाढली, हे त्याच तारखेने लिहावे. अखेरीस एकदम लिहिलेली फाइल वाचताना तसे लिहिलेले लगेच जाणवते.

१४. आढळलेली रक्कम मटेरिअ‍ॅलिटीच्या, म्हणजे विवरणे वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकेल अशा मर्यादेच्या, खूप खाली आहे. तरी त्याची दखल घ्यावी लागते का?

घ्यावी लागते. गैरव्यवहारातून आलेली चुकीची नोंद एकटी असण्याची शक्यता कमी असते. रक्कम छोटी असली तरी ती कोणी केली हे पाहावे. एखाद्या शिपायाने किरकोळ रक्कम उचलली तर परिणाम मर्यादित राहतो. तेवढीच रक्कम वित्तप्रमुखाने जाणीवपूर्वक चुकीची नोंदवली असेल, तर त्याने दिलेली सगळी स्पष्टीकरणे आणि लेखी निवेदने पुन्हा तपासावी लागतात, कारण त्यांचा आधार त्याचा प्रामाणिकपणा हाच होता. प्रश्न ७ मधील ९ पंपांची किंमत मर्यादेच्या खाली असती, तरी उरलेल्या ३७ पंपांबाबतची पुढची पावले तीच राहिली असती.

१५. फायलीत काय लिहावे?

चर्चा झाली, कोण उपस्थित होते, कोणते महत्त्वाचे निर्णय झाले, कोणत्या जोखमी ओळखल्या, त्यांना काय प्रतिसाद दिला आणि त्या चाचण्यांचे निकाल काय आले. महसुलाचे गृहीतक खोडले असेल तर त्याची कारणेही हवीत. सगळा संवाद शब्दशः लिहिण्याची गरज नाही. माझ्या मते सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे प्रत्येक वाक्यासमोर त्याच्यामुळे बदललेल्या चाचणीचा संदर्भ-क्रमांक, आणि विचारात घेऊन सोडून दिलेल्या शक्यतांसमोर त्या सोडण्याचे कारण. पंपांच्या कंपनीत ‘अस्तित्वातच नसलेले ग्राहक’ ही शक्यता सोडून दिली होती, कारण वितरक मोजके, जुने आणि स्वतंत्रपणे पडताळता येण्याजोगे होते. वर्षभरात सहा नवे वितरक आले असते, तर फायलीतल्या त्या एका ओळीमुळे पुढच्या माणसाला ही शक्यता पुन्हा उघडावी लागेल हे कळले असते.

१६. ठरवलेल्या सगळ्या चाचण्या केल्या आणि काहीच सापडले नाही. मग पुढच्या वर्षी ती जोखीम काढून टाकायची का?

चाचणी ज्या वाक्यासाठी रचली होती त्या वाक्याचेच उत्तर ती देते. गोदामात अनुक्रमांक जुळले, याचा अर्थ त्या वर्षी त्या पद्धतीने महसूल फुगवलेला आढळला नाही, एवढाच. कर्जाची अट, बोनसचे सूत्र आणि उद्दिष्ट तसेच असतील तर दबाव तसाच आहे, फक्त पुढची पद्धत वेगळी असू शकते. विशेषतः आपण गोदाम मोजतो हे आता सगळ्यांना माहीत झाले आहे. पुढच्या बैठकीत जुने वाक्य खोडण्याऐवजी, तोच विक्रीप्रमुख आता कोणता मार्ग धरेल हे नव्याने विचारावे. कर्ज फिटले असेल किंवा बोनस वसुलीवर ठरू लागला असेल, तर मात्र जोखीम खरोखर बदललेली असते, आणि ती कमी धरण्याचे ते कारण फायलीत लिहिता येते.